टीईटी: 90 गुण आणायचे कुठून?

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर शिक्षक पात्रता परीक्षेचा अर्ज भरणाऱ्यांचे वय वाढले. एरवी डी.एड., बी.एड. होऊन नोकरीच्या शोधात असलेली मुले-मुली ही परीक्षा देत. आता पंधरा-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले शिक्षकही जुन्या वह्या शोधू लागले. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्या निकालात म्हटले आहे. अशा शिक्षकाचे नियोजन नव्या उमेदवारासारखे करून चालत नाही. त्याला विषय येतो, पण परीक्षा येत नाही.

महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर 1, सहावी ते आठवीसाठी पेपर 2. दोन्हींत 150 प्रश्न, 150 गुण आणि अडीच तास. पेपर 2 मध्ये बालविकास व अध्यापनशास्त्राला 30, दोन भाषांना प्रत्येकी 30 आणि निवडलेल्या विषयगटाला, म्हणजे गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांना, 60 गुण असतात. खुल्या गटाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण हवेत, तर आरक्षित गटांना 55 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक विभागात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागत नाही, फक्त बेरीज पाहिली जाते. सगळे नियोजन याच बेरजेवर उभे करायचे.

समजा, एक शिक्षिका जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-भूगोल शिकवतात. हाताशी बारा आठवडे आहेत. पहिल्या रविवारी त्यांनी पुस्तक उघडायचे नाही. जुनी खरी प्रश्नपत्रिका घ्यायची, घड्याळ लावायचे आणि अडीच तासांत सोडवायची. बालविकास 13, मराठी 19, इंग्रजी 14, सामाजिक शास्त्रे 31 असे गुण पडले, तर बेरीज झाली 77. अशा वेळी बहुतेक जण सामाजिक शास्त्रांचा ठोकळा विकत आणतात, कारण त्याला 60 गुण आहेत आणि तो आपला विषय आहे. मला हा सौदा तोट्याचा वाटतो. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हा समुद्र आहे, तिथे महिनाभर पोहून चार गुण वाढतात. बालविकासाचा अभ्यासक्रम त्या मानाने आटोपशीर. तिथे आठ गुण वाढवणे शक्य आहे. इंग्रजीत सहा, मराठीत चार आणि सामाजिक शास्त्रांत चार धरले, तर बेरीज 99 होते. परीक्षेच्या दिवशी पाच-सात गुण घसरले, तरी 90 च्या खाली जात नाही.

बालविकासात अनुभवी शिक्षकच का अडखळतात, ते एका नमुन्यावरून पाहू. रुंद पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या पेल्यात ओतले. पाच वर्षांचे मूल म्हणाले, ‘आता पाणी जास्त झालं.’ हे पियाजेच्या कोणत्या अवस्थेचे लक्षण? उत्तर पूर्वक्रियात्मक. ही अवस्था साधारण दोन ते सात वर्षांची. मूल एकाच गोष्टीकडे, इथे उंचीकडे पाहते. आकार बदलला तरी पाणी तेवढेच राहते, हे मूल साधारण सात वर्षांनंतर, मूर्त क्रियात्मक अवस्थेत, समजू लागते. इथपर्यंत पाठांतराने भागते. पुढचा प्रश्न विचारतो, शिक्षकाने काय करावे? पर्याय असतात: पुन्हा समजावून सांगावे, बरोबर उत्तर लिहून घ्यावे, हुशार मुलाला विचारावे, मुलाला स्वतः पाणी मागे-पुढे ओतून पाहू द्यावे. चाळीस मुलांच्या वर्गात आपण पहिलाच पर्याय वापरतो आणि पेनही तिकडेच वळते. परीक्षेला चौथा हवा असतो. मूल स्वतः करून शिकते, चूक ही त्याच्या विचाराची खूण असते, मूल्यमापन शिकण्यासाठी असते, ही परीक्षेची भूमिका आहे. ती पटो न पटो, उत्तर तिच्या बाजूनेच द्यायचे. म्हणून पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग, थॉर्नडाइक वाचताना प्रत्येकापुढे वर्गातला एकेक प्रसंग लिहून ठेवावा. नुसती नावे आणि वयोगट घोकले, तर निम्मे गुण हातचे जातात.

मराठीचा अभ्यास करायचा कशाला, असे आपल्याला वाटते आणि तिथेच 19 वर अडकायला होते. बोलण्यात चूक होत नाही, पण व्याकरणाचे नाव विचारले की गोंधळ होतो. प्रयोगच घ्या. ‘मुलाने आंबा खाल्ला’ यात आंब्याऐवजी पोळी घातली, की क्रियापद ‘खाल्ली’ होते. ते कर्माप्रमाणे बदलले म्हणून कर्मणी. ‘शिक्षिकेने मुलींना बोलावले’ यात मुलींच्या जागी मुलगा घाला, शिक्षिकेच्या जागी शिक्षक घाला, ‘बोलावले’ हलत नाही. म्हणून भावे. व्याख्या आठवण्यापेक्षा शब्द बदलून पाहण्याची सवय लावली, तर प्रयोगाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. समास आणि विभक्ती यांना एकेक आठवडा पुरे. इंग्रजीत आर्टिकल, प्रिपोझिशन, काळ आणि पॅसिव्ह व्हॉइस एवढेच धरावे आणि रोज एक उतारा वाचावा. उताऱ्याआधी त्याखालचे प्रश्न वाचले, तर वेळ वाचतो.

सामाजिक शास्त्रांसाठी बालभारतीची सहावी ते आठवीची पुस्तके आधी, नववी-दहावीची नंतर. आपण शिकवतो तो भाग पटकन चाळून पुढे जायचे आणि जिथे अडते तिथे थांबायचे. भूगोलात असे अडणे हमखास रेखावृत्तांशी होते. 82°30′ पूर्व या भारताच्या प्रमाण रेखावृत्तावर दुपारचे 12 वाजले असतील, तर महाराष्ट्रातून जाणाऱ्या 75° पूर्व रेखावृत्तावर स्थानिक वेळ किती? फरक साडेसात अंशांचा आणि एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 30 मिनिटे. आपण पश्चिमेला आहोत, म्हणून वेळ मागे, 11:30. पर्यायांत 12:30 ठेवलेले असतेच.

बारा आठवड्यांपैकी पहिले चार बालविकास आणि इंग्रजीला, पुढचे चार मराठी आणि सामाजिक शास्त्रांना द्यावेत. शाळा, घर सांभाळून रोज दीड तास मिळाला तरी पुरतो. दर दुसऱ्या रविवारी एक पूर्ण पेपर सोडवावा. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहावे: माहितीच नसेल तर ‘मा’, प्रश्न नीट वाचला नसेल तर ‘वा’, दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला असेल तर ‘दो’. ‘मा’ जास्त असतील, तर पुस्तक हवे. ‘वा’ जास्त असतील, तर आणखी वाचून उपयोग नाही. ‘अयोग्य विधान निवडा’ यातल्या ‘अयोग्य’खाली रेघ मारण्याची सवय लावावी लागेल. बालविकासात ‘दो’ वाढले, तर वर्गातल्या सवयीने उत्तर दिले जाते आहे, असे समजावे.

शेवटचे चार आठवडे उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत सरावाचे. एक प्रश्न सोडून पुढे गेले की पुढची सगळी उत्तरे एका ओळीने सरकतात, म्हणून दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहावा. बालविकासाला 25 मिनिटे, मराठीला 28, सामाजिक शास्त्रांना 50, इंग्रजीला 32 धरली, तर 15 मिनिटे उरतात. त्यांत सोडलेले प्रश्न भरायचे. एकही गोल रिकामा ठेवू नये. चार पर्यायांचे वीस प्रश्न निव्वळ अंदाजाने भरले, तरी सरासरीने पाच बरोबर येतात.