काहीही गहाण न ठेवता तारण

फळ्यावर मी ‘तारण’ हा शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळलो, तेव्हा मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, “सर, तारण म्हणजे सोनं ठेवून कर्ज काढतात ते ना?” सगळे हसले. मी हसता हसता थांबलो, कारण त्यांचे काही चुकले नव्हते. मराठी बायबलने ज्या शब्दात मुक्तीचा सगळा अर्थ भरला आहे, तोच शब्द पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण’ म्हणून लिहिलेला असतो. एका तारणात आपण आधी काहीतरी ठेवतो आणि मग आपल्याला मिळते. दुसऱ्यात ठेवायला आपल्याजवळ काहीच नसते, हेच पहिले वाक्य आहे. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांना शिकवताना माझी बहुतेक वर्षे या दोन तारणांतला फरक सांगण्यातच गेली.

वर्गात येणारी माणसे नवसावर वाढलेली असतात. काही देवीच्या, खंडोबाच्या घरातून येतात. काही कॅथलिक घरातून येतात आणि वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा हात, मेणाचे घर वाहून आलेली असतात. नवस हा भोळेपणा आहे असे समजून शिकवायला उभा राहणारा शिक्षक पहिल्याच दिवशी वर्ग गमावतो. नवस हा नीट विचार केलेला करार असतो. त्यात काम ठरते, मोबदला ठरतो, मुदतही ठरते, आणि बहुतेक वेळा काम झाल्यावरच मोबदला द्यायचा असतो. शिवाय नवस बोलणाऱ्या बाईला त्या कराराने एक गोष्ट मिळते, ती म्हणजे हाती काहीतरी असल्याची भावना. मूल तापाने फणफणले आहे, डॉक्टर गप्प आहे, अशा रात्री ‘तू काहीच करू शकत नाहीस’ हे ऐकणे फार कठीण असते.

कृपेचा सिद्धांत नेमके तेच सांगतो, म्हणून तो कानाला गोड असला तरी पचायला जड आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात साधा हिशेब मांडला आहे: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, आणि मजुरी हे देणे असते, ते कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही. देव माणसाला नीतिमान ठरवतो ते मजुरी म्हणून नव्हे, दान म्हणून, आणि माणसाने ते विश्वासाने घ्यायचे. मराठीत ‘कृपा’ म्हटले की आपल्याला साहेबांची कृपा आठवते. सेवा केली, मर्जी राखली, मग कृपा झाली. पौलाच्या शब्दात मर्जी राखण्याचा भागच नाही.

हे समजावायला मी द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो. मळ्याचा धनी पहाटे चौकात जातो आणि ठरलेल्या रोजावर मजूर आणतो. नऊ वाजता पुन्हा जातो, मग बारा, तीन आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पाच वाजता. संध्याकाळी तो शेवटच्यांपासून पैसे वाटतो आणि तासभर राबलेल्याला पूर्ण दिवसाचा रोज देतो. पहाटेपासून उन्हात बारा तास काढलेल्यांच्या आशा वाढतात, पण त्यांनाही तेवढाच रोज मिळतो. इथे वर्गात कुजबुज सुरू होते. एकदा एक गवंडी उठून म्हणाला, “आमच्या नाक्यावर असं केलं तर दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी कोणी येणार नाही.” त्याचे बरोबर होते. ही गोष्ट ऐकून ज्याला राग येत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते असे माझे मत झाले आहे. 2017 साली आपल्याकडे दीड लाखापर्यंतची शेतकरी कर्जमाफी झाली, तेव्हा ‘नियमित फेडणाऱ्यांनी काय पाप केलं?’ हा प्रश्न गावोगाव उठला आणि सरकारला त्यांच्यासाठी वेगळे प्रोत्साहन जाहीर करावे लागले. मळ्याच्या धन्याने तसे केले नाही. तुमचे ठरलेले तुम्हाला दिले, माझ्या पैशाने मी उदार झालो तर तुम्हाला का खुपते, एवढेच तो विचारतो.

कर्जमाफीचा दाखला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही, ते कोणाच्या तरी तिजोरीतून भरले जाते. ख्रिस्ती शिकवण म्हणते की ते देवाने स्वतः भरले, पंतय पिलात सुभेदार असताना, यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका वधस्तंभावर. कृपा फुकट मिळते, पण ती स्वस्त नाही. डीट्रिक बॉनहॉफर या जर्मन पाळकाने 1937 साली याच स्वस्त कृपेवर कडाडून लिहिले होते. माफी आहेच, मग पाप का सोडा, हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. माझ्या वर्गात मात्र तो फार क्वचित येतो. नवस फेडत आलेल्या माणसांना मोकाट सुटायची घाई नसते, त्यांना भरवसाच बसत नाही.

तो भरवसा किती उशिरा बसू शकतो, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि कर्मनिष्ठ होते. हे कुटुंब तीर्थातून तीर्थाकडे फिरत, पुराणे वाचत जगले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्याजवळचा पैसा संपला. उपास, जप, दक्षिणा, शास्त्राने सांगितलेले जे जे होते ते त्यांनी केले, आणि तरी रमाबाईंनी आईवडील व बहीण यांना उपासमारीत गमावले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण 1907 साली आपली साक्ष लिहिताना त्या वेगळेच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. म्हणजे आपण कधी पुरेसे चांगले होऊ, याची वाट त्या बघत राहिल्या होत्या. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर, पुण्यात शारदासदन चालवत असताना, आहे तशा स्थितीत आपला स्वीकार झालेला आहे हे त्यांना पटले. संस्कृत कोळून प्यायलेल्या, पुढे मूळ भाषांतून अख्खे बायबल मराठीत आणणाऱ्या बाईला हे कळायला आठ वर्षे लागली असतील, तर आमच्या वर्गाला तीन महिन्यांची मुदत देणे जरा अन्यायाचे आहे.

रमाबाईंची अडचण आमच्याकडे रोज दिसते. माणूस देऊळ सोडतो, वही सोबत घेऊन येतो. पूर्वी अकरा मंगळवार धरलेले असायचे, आता एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना असते. दशमांश चुकला की महिनाभर धास्ती असते. यातले सगळ्यात फसवे रूप विश्वासाचे आहे. “माझा विश्वास कमी पडला म्हणून मुलगा बरा झाला नाही,” असे एक बाप मला म्हणाला, तेव्हा आपलेच शिकवणे कुठे घसरले ते मला कळले. विश्वास म्हणजे देणाऱ्यापुढे पसरलेला रिकामा हात. त्या बापाने त्याचे नाणे केले होते, आणि नाणे म्हटले की ते कमी पडू शकते. कोणाची वही अजून उघडी आहे हे ओळखायला मी फार प्रश्न विचारत नाही. घरात संकट आले की पहिले वाक्य कोणते निघते, तेवढे ऐकतो. ‘कुठं काय चुकलं?’ असे असेल तर अजून अवकाश आहे.

हा विचार फक्त आमचाच आहे असा आव मी आणत नाही. नवसाची टर आपल्या संतांनीच आधी उडवली आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत तर यावर दोन पक्षच पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने देवाला धरावे असे वडगलै म्हणतात. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लू काही करत नाही, तसा देव नेतो असे तेंगलै म्हणतात. मांजरीचा दाखला दिला की वर्ग चटकन हलतो. ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नव्हते. कृपा आधी येते, पण माणसाच्या सत्कर्मालाही मोल आहे, असे कॅथलिक चर्चने 1547 मध्ये त्रेंतच्या परिषदेत ठरवले. लूथरच्या अनुयायांशी त्यांचा या मुद्द्यावर समझोता व्हायला 1999 उजाडले.

आणि बायबलमध्येही नवस आहेतच. मूल होत नसलेली हन्ना मंदिरात रडून नवस बोलते आणि झालेला शमुवेल देवाला देऊन टाकते. वर्गात कोणीतरी हे पान काढून दाखवतेच. मी म्हणतो, दिल्यानंतर ती काय करते ते वाचा. ती गाते. हिशेब संपल्याचा सुस्कारा तिथे ऐकू येत नाही. द्यायला कृपेची कधीच हरकत नसते. देणे आधी असते की नंतर, भीतीने असते की आनंदाने, एवढेच ती बघते.

या सगळ्याची कसोटी एका मावशींनी लावली. मुलगा लहानपणी दगावता दगावता वाचला, तेव्हा त्यांनी देवीला साडीचोळी आणि गावजेवण बोलले होते. त्याची खूण म्हणून सव्वा रुपया फडक्यात बांधून ठेवला. पुढे नवरा गेला, पैसा कधी जमला नाही, नवस राहिला. आता मुलाची नोकरी गेली तेव्हा जावेने सांगितले की हे त्याचेच. एका गुरुवारी त्या वर्गानंतर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, बाप्तिस्मा घेतला की नवस माफ होतो, का हिकडं वर्ग होतो?”

इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. देवी खोटी, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, पण त्याने भीती जात नाही. ती फक्त बोलेनाशी होते. मी म्हणालो, वर्ग होत नाही, इकडे तसले खातेच नाही. तुमच्या मुलाला वाचवणाऱ्याने बिल पाठवलेले नाही आणि त्याची नोकरी ही त्या बिलाची वसुली नव्हे. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले. मग पुरचुंडी सोडली आणि तो सव्वा रुपया दानपेटीत टाकू का, असे विचारले. मी नको म्हणालो. पेटीत पडला असता तर त्यांच्या मनात नवस फिटला असता, फक्त देवाचा पत्ता बदलला असता.

त्यातली चार आण्याची नाणी सरकारने 2011 मध्येच बंद केली, हे त्यांना ठाऊक नव्हते. सांगितल्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या. पुरचुंडी अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. वर्गाला त्या दर गुरुवारी येतात. बाप्तिस्मा त्यांनी अजून घेतलेला नाही.