टॉवेल कडक का होतो, आणि पाणी टिपणं का सोडतो?

नवा आणला तेव्हा मऊसूत असलेला टॉवेल वर्षभरात पापडासारखा कडक होतो. अंग पुसायला घेतला तर पाणी टिपत नाही, नुसतं अंगभर फिरवतो. मग आपण म्हणतो, माल हलका निघाला. बहुतेक वेळा खरं कारण धुण्याच्या बादलीत असतं.

आधी वजनाचं बघू. लेबलवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर टॉवेलचं वजन किती ग्रॅम. लेबल नसलं तरी घरच्या काट्यावर काढता येतं. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. तो ५०६ ग्रॅम भरला, तर भागाकार साधारण ४५० येतो. रोजच्या वापराला एवढं पुरे. ६०० च्या पुढचा टॉवेल हाताला भारी लागतो, पण बेळगाव-गोव्याच्या पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

हे वजन मुख्यतः लूपमध्ये, म्हणजे वर दिसणाऱ्या धाग्याच्या छोट्या फेऱ्यांत असतं. सोलापूरच्या टेरी टॉवेलचंच घ्या. मागावर उभे धागे दोन प्रकारचे असतात, एक ताणलेले, दुसरे सैल. दोन आडवे धागे थोडे अलीकडेच ठेवतात. तिसऱ्याला फणी तिन्ही धागे एकदम पुढे ठोकते. ताणलेले धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे मात्र पुढे सरकून फेरे होऊन वर येतात. या फेऱ्यांना गाठ नसते, त्यामुळे एखादा निघाला तर ओढू नका, कात्रीने कापा. पाणी टिपतात ते हेच फेरे, पण ते मोकळे असले तरच.

आता आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. तो फेऱ्यांत बसतो आणि टॉवेल कडक होतो. मग आपण फॅब्रिक कंडिशनर ओततो. त्याने हाताला मऊ लागतं खरं, पण सुतावर तेलकट थर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. म्हणजे रोगापेक्षा औषध भारी! नव्या टॉवेललाही कारखान्यात असाच मऊपणाचा हात दिलेला असतो, म्हणून पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत तो नीट टिपत नाही.

ओळखायचं कसं? कोरड्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाका. लगेच मुरला तर ठीक. मण्यासारखा वर बसून राहिला तर थर चढलाय.

तसं असेल तर बादलीभर गरम पाण्यात कपभर पांढरा व्हिनेगर घालून टॉवेल अर्धा तास भिजवा आणि पिळून घ्या. मग नेहमीच्या निम्म्या पावडरीत गरम पाण्याने धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही वापरू नका, विषारी वायू तयार होतो. वाळत घालण्याआधी टॉवेल जोरात झटका आणि वाऱ्यावर टाका. न हलता वाळला तर सुताचे तंतू एकमेकांना चिकटून कडक राहतात.

दोनदा असं करूनही थेंब मुरत नसेल, तर टॉवेल उजेडात धरून बघा. फेरे झिजून खालचं विणकाम दिसत असेल, तर तो आता फरशी पुसायला काढा.