दोन्ही किडन्या फुगल्या, अडथळा मात्र खाली

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन घरची मंडळी येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "डॉक्टर, बाबांच्या दोन्ही किडन्यांना सूज आलीये." त्यापाठोपाठ दबक्या आवाजात दुसरा प्रश्न येतो, डायलिसिस करावं लागेल का? माणूस सत्तरीचा असेल आणि त्याच्या लघवीची धार बारीक झालेली असेल, तर मी आधी रिपोर्टचा खालचा भाग वाचतो. तिथे मूत्राशय आणि प्रोस्टेटबद्दल काय लिहिलंय, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका माणसाचं नाही, अशा अनेक रुग्णांवरून जुळवलेलं आहे. एसटीतून निवृत्त झालेले 71 वर्षांचे गृहस्थ. तीन-चार वर्षांपासून धार मंद आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब पडत राहतात. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. गेल्या दोन महिन्यांत भूक कमी झालीय, पायांवर थोडी सूज आहे, थकवा आहे. दुखत मात्र काहीच नाही. लघवी होते का असं विचारलं तर म्हणतात, "होते की, दर तासाला होते." मग शेजारी बसलेल्या काकू राहवून न बोलतात, "हे सांगायचे नाहीत. पण हल्ली पहाटे अंथरूण ओलं होतं. मी गुपचूप चादर बदलते."

वयस्कर पुरुषाला झोपेत नव्याने लघवी होऊ लागली तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि जागेपणी जी पकड ते सांडू देत नाही ती झोपेत सैल पडते. म्हणजे दर तासाला होणारी ती लघवी आणि पहाटेची ओली चादर हे दोन्ही वरून सांडणारं पाणी आहे. मूत्राशय रिकामं असं कधी होतच नाही.

हे तपासायला मशीनही लागत नाही. रुग्णाला उताणं झोपवून बेंबीखाली हात ठेवला की गोल, ताणलेला फुगवटा लागतो. त्यावर बोटाने ठोकलं तर आतड्यावर येतो तसा पोकळ आवाज येत नाही, बद्द येतो. दाबलं तर त्यांना लघवीला लागल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. लघवी अचानक तुंबली तर माणूस वेदनेने तळमळतो आणि तासाभरात दवाखाना गाठतो. हीच गोष्ट वर्षानुवर्षं हळूहळू घडली तर मूत्राशयाला ताणाची सवय होते आणि ते ओरडतच नाही. या रुग्णांचा घात होतो तो इथे.

आता किडनीपर्यंत हे कसं पोहोचतं ते पाहू. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या मार्गाला वेढून असते. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅमची असते, वयानुसार वाढते आणि आतून मार्ग दाबते. मूत्राशयाचा स्नायू जोर लावून लघवी बाहेर ढकलत राहतो. सततच्या जोराने तो जाड होतो आणि त्याची लवचिकता जाते. निरोगी मूत्राशयाचा मोठा गुण असा, की त्यात 400 मिलिलिटर लघवी साठली तरी आतला दाब फारसा वाढत नाही. जाड, ताठ झालेल्या मूत्राशयात तो दिवसरात्र चढाच राहतो.

किडनीत तयार झालेली लघवी सुमारे 25 सेंटीमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून लाटेलाटेने खाली ढकलली जाते. ही लाट फार ताकदीची नसते. मूत्राशयातला दाब तिच्यापेक्षा वरचढ झाला की लघवी वरच थांबते. मूत्रवाहिनी रुंद होते, मग किडनीच्या आतल्या पोकळ्या, जिथे लघवी गोळा होते, त्या फुगतात. सोनोग्राफीत दिसते ती हीच फुगलेली पोकळी. लघवी पडद्यावर काळी दिसते, त्यामुळे एरवी किडनीच्या मधोमध मिटलेला पांढुरका भाग आता काळ्या फांद्यांसारखा उघडलेला दिसतो. रिपोर्टमध्ये याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात, मूत्रवाहिनीही फुगली असेल तर हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस.

फुगवटा एकाच बाजूला असेल तर त्या बाजूच्या मूत्रवाहिनीत खडा, गाठ किंवा आकुंचन शोधावं लागतं. दोन्ही बाजूंना असेल आणि मूत्रवाहिन्या थेट मूत्राशयापर्यंत रुंद दिसत असतील, तर अडथळा जिथे दोन्ही वाटा एकत्र येतात तिथे किंवा त्याखाली असण्याची शक्यता जास्त. आमच्या गृहस्थांच्या रिपोर्टात दोन्ही बाजूंना मध्यम हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस होतं, मूत्राशयाची भिंत जाड, प्रोस्टेट 58 ग्रॅम. लघवी करून आल्यावरही आत 850 मिलिलिटर शिल्लक. तरुण माणसाच्या मूत्राशयात लघवीनंतर जेमतेम थोडे थेंब उरतात. 300 मिलिलिटरच्या वर सतत शिल्लक राहत असेल तर लघवी जुनाट तुंबली आहे असं धरायला हरकत नाही.

लघवीनंतरचा हा दुसरा फोटो फार महत्त्वाचा आहे, आणि गर्दीच्या सेंटरमध्ये तोच निसटतो. सोनोग्राफीआधी पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात. मूत्राशय तुडुंब भरलं की धडधाकट माणसाच्याही किडनीच्या पोकळ्या किंचित उघडलेल्या दिसू शकतात. म्हणून लघवी करून आल्यावर किडन्या आणि मूत्राशय पुन्हा पाहावे लागतात. फुगवटा नाहीसा झाला तर चिंता कमी. तसाच राहिला आणि मूत्राशयही भरलेलंच असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. रिपोर्टात लघवीनंतर किती शिल्लक राहिली हा आकडा नसेल तर तो मागून घ्या.

प्रोस्टेटच्या आकारावरून मात्र फार अर्थ काढू नये. शंभर ग्रॅमची ग्रंथी असलेला माणूस मोकळी लघवी करतो आणि तीस ग्रॅमवाल्याच्या किडन्या फुगतात. काहींच्या मूत्राशयात तर दीड लिटर साठूनही किडन्या ठणठणीत राहतात, कारण त्यांचं मूत्राशय सैल असतं आणि आत दाबच नसतो. किडनीचं नुकसान करतो तो दाब.

गृहस्थांचं क्रिएटिनिन 4.6 आलं, पोटॅशियम 5.8. असे आकडे पाहून घर हादरतं. पण इथे पहिला उपचार म्हणजे लघवीची नळी, कॅथेटर. सुन्न करणारी जेली सोडून नळी आत सरकवायची, टोकाचा छोटा फुगा पाण्याने भरायचा, पिशवी जोडायची. पाच-दहा मिनिटांचं काम. पोटॅशियम फारच वाढलं असेल तर ईसीजी काढून त्यावर लगेच औषध द्यावं लागतं आणि क्वचित डायलिसिसही करावं लागतं, पण बहुतेकांना नळीने वाट मोकळी झाल्यावर त्याची गरज पडत नाही.

नळी घातली आणि लगेच घरी पाठवलं, असं मात्र करू नये. पुढचे 24 ते 48 तास मला सगळ्यात नाजूक वाटतात. इतके दिवस दाबाखाली असलेल्या किडन्या लघवी घट्ट करायचं विसरलेल्या असतात, शिवाय अंगात साठलेलं मीठ, पाणी आणि युरिया बाहेर टाकायचं असतं. त्यामुळे लघवीचा लोंढा सुरू होतो. सलग दोन तास ताशी 200 मिलिलिटरच्या वर किंवा दिवसाला तीन लिटरच्या वर लघवी गेली तर जागरूक व्हावं. आमच्या गृहस्थांना पहिल्या 24 तासांत साडेपाच लिटर झाली. पिशवी दर तासाला मोजायची, वजन रोज घ्यायचं, उभं राहताना रक्तदाब पडतो का पाहायचं, सोडियम-पोटॅशियम दिवसातून दोनदा तपासायचं. सलाइन द्यायचं तर गेलेल्या लघवीच्या साधारण निम्म्याने. गेलं तेवढं सगळं भरून दिलं तर किडन्या नुसत्या ते पाणी बाहेर टाकत बसतात आणि लोंढा थांबत नाही. पिशवीत गुलाबी लघवी दिसली की नातेवाईक घाबरतात. ताण सुटल्यावर मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं रक्त येतं, बहुधा आपोआप थांबतं. गुठळ्या येऊन नळी बंद पडली तरच धावपळ करायची.

आठवड्यात क्रिएटिनिन 2.1 वर आलं, महिन्यात 1.6 वर आणि तिथेच स्थिरावलं. याच्याखाली ते कदाचित जाणारही नाही. किती मागे येईल हे किडनीचं मांस किती शिल्लक आहे यावर ठरतं. रिपोर्टात कॉर्टेक्स पातळ लिहिलं असेल तर अपेक्षा बेताची ठेवावी.

याच टप्प्यावर एक मोह होतो. रुग्णाला बरं वाटतं, नळी नकोशी होते, "गोळ्या चालू आहेत ना, काढून बघा" असा आग्रह सुरू होतो. टॅमसुलोसिनने मार्ग सैल होतो, धारही सुधारते, पण ज्याच्या किडन्या एकदा दाबाने फुगल्या आहेत त्याची नळी ऑपरेशनआधी काढली तर मूत्राशय परत भरतं आणि पुन्हा न दुखता. महिन्याभराने क्रिएटिनिन पूर्वपदावर, म्हणजे चारच्या घरात. म्हणून क्रिएटिनिन स्थिर होईपर्यंत नळी ठेवायची आणि मग वाट कायमची मोकळी करायची: दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडायची किंवा लेझरने काढायची. शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसेल तर नळी दर काही आठवड्यांनी बदलत राहणं हा पर्याय उरतो.

अडथळा दरवेळी साध्या वाढीचाच असेल असं नाही. गुदद्वारातून बोटाने तपासताना ग्रंथी दगडासारखी कडक किंवा उंचसखल लागली तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. पीएसए ही रक्ततपासणी मात्र तुंबलेल्या लघवीत किंवा नळी घातल्या घातल्या केली तर उगाच चढी येते, म्हणून ती काही आठवडे थांबून करतात. मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो, तेव्हा नळीच आत जात नाही. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाच मंदावतात, तिथे प्रोस्टेट काढूनही धार येत नाही. शंका असेल तिथे ऑपरेशनआधी मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करतात.

घरी सांभाळायच्या दोन गोष्टी औषधांच्या आहेत. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारी आणि ॲलर्जीची जी औषधं असतात ती मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. धार बारीक असलेल्या माणसाला हिवाळ्यात अचानक लघवी बंद होते त्यामागे अनेकदा तीच असतात. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी दाबाखालच्या किडनीला आणखी मारते.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी गृहस्थांची सोनोग्राफी पुन्हा केली. शिल्लक लघवी 90 मिलिलिटर, डाव्या किडनीचा फुगवटा गेलेला, उजवीत थोडा अजून दिसणारा. वर्षानुवर्षं ताणलेली पोकळी दाब गेल्यावरही सैलच राहू शकते. क्रिएटिनिन वाढत नसेल आणि मूत्राशय रिकामं होत असेल तर त्या उरलेल्या फुगवट्यासाठी काही करावं लागत नाही. पण समजा शिल्लक 400 राहिली असती, तर त्यांना दिवसातून चार वेळा बारीक नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवावं लागलं असतं. ती नळी घालायची आणि लगेच काढायची असते, आणि ऐंशीचे आजोबाही ते चार-पाच दिवसांत शिकतात.