‘आजच ऑर्डर करा’ की ‘दर पाहा’?

डिसेंबर 2007. अमेरिकेत बराक ओबामांची पहिली अध्यक्षीय मोहीम सुरू होती. वेबसाइटवर येणाऱ्याने आपला ईमेल पत्ता द्यावा, असा मोहिमेचा प्रयत्न होता. पानावरच्या बटणावर ‘साइन अप’ असं लिहिलेलं होतं. डॅन सिरोकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चार प्रकारची बटणं आणि सहा वेगवेगळी चित्रं व व्हिडिओ घेतले आणि आलेल्या प्रत्येकाला त्यांतली एकच जोडी दाखवली. 3,10,382 जणांवर ही चाचणी झाली. कार्यालयातल्या मंडळींचा कल एका व्हिडिओकडे होता, पण सगळेच व्हिडिओ फोटोंच्या मागे पडले. जिंकलं ते कुटुंबाचं छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’, म्हणजे ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण. मूळ पानावर 8.26 टक्के लोक नोंदणी करत होते, या जोडीवर 11.6 टक्के लोकांनी केली.

हीच पद्धत आज इन्स्टाग्राम-फेसबुकवर माल विकणारा कोणीही वापरू शकतो. समजा, देवगडच्या एका बागायतदाराला हापूसच्या पेट्या विकायच्या आहेत. फोटो तोच, मजकूर तोच. बदलते ती कॅप्शनची फक्त शेवटची ओळ. ‘अ’ मध्ये ‘आजच ऑर्डर करा’, तर ‘ब’ मध्ये ‘या हंगामाचे दर पाहा’. ओळीसोबत फोटोही बदलला, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही.

सकाळी ‘अ’ टाकायची आणि संध्याकाळी ‘ब’, ही चाचणी नव्हे. सकाळचे वाचक वेगळे, संध्याकाळचे वेगळे. एकाच जाहिरात-संचात दोन्ही कॅप्शन ठेवल्या तरी अडचण येते. सुरुवातीला जी किंचित पुढे दिसते, तिच्याकडेच यंत्रणा बहुतेक पैसे वळवते आणि दुसरीला पुरेशी संधी मिळत नाही. म्हणून मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमधली ए/बी टेस्टची सोय वापरावी. ती प्रेक्षकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडते, आणि एका गटाला एकच कॅप्शन दिसते.

आता निकाल. दोन्ही कॅप्शन प्रत्येकी 2,000 जणांना दिसल्या. ‘अ’ला 40 क्लिक मिळाले, ‘ब’ला 52. म्हणजे 2 टक्के आणि 2.6 टक्के. बागायतदार खूश होईल, पण इतक्यात नको. दोन्ही ओळी अगदी तुल्यबळ असत्या, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण पाचातून एकदा दिसतोच.

हे ताडून पाहायला एक सोपा हिशेब आहे. दोन्हींचे क्लिक मिळवायचे, बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. दोन्हींच्या क्लिकमधला फरक त्याहून मोठा असेल, तरच तो खरा धरायचा. इथे बेरीज 92, वर्गमूळ साडेनऊच्या आसपास, दुप्पट 19. फरक मात्र 12. त्यामुळे अजून निकाल नाही. हा हिशेब दोन्ही गट सारखे असतील आणि क्लिकचं प्रमाण थोडं असेल तेव्हाच चालतो. कॅप्शनच्या बाबतीत ते थोडंच असतं.

हेच प्रमाण प्रत्येकी 8,000 जणांपर्यंत टिकलं, तर क्लिक 160 आणि 208 होतील. बेरीज 368, वर्गमूळ 19, दुप्पट 38. फरक 48. आता ‘ब’ खरोखर पुढे आहे असं म्हणायला आधार आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती रोज आकडे पाहण्यात. तिसऱ्या दिवशी आवडती ओळ पुढे दिसली आणि चाचणी थांबवली, की योगायोगालाच विजेता ठरवलं जातं. आकडे रोज खाली-वर होतात, आणि जितक्या वेळा पाहावं तितकी खोटी आघाडी पकडली जाण्याची शक्यता वाढते. किती जणांना दाखवायचं आणि कधी थांबायचं हे आधीच ठरवावं. पूर्ण आठवडा घेतला, तर शनिवार-रविवारचा वेगळा वावरही त्यात येतो. रकानाही नीट निवडावा. ‘Clicks (all)’ मध्ये लाइक आणि ‘आणखी वाचा’वरचे टॅपसुद्धा मोजले जातात. इथे कामाचा आकडा ‘Link clicks’ हा आहे.

आणि पेट्या? समजा ‘अ’च्या 160 क्लिकमधून 24 ऑर्डर आल्या आणि ‘ब’च्या 208 मधून 20. दर पाहायला पुष्कळ जण येतात, त्यांतले बरेच दर पाहूनच परततात. मग ‘अ’ जिंकली का? वरचाच हिशेब लावा. बेरीज 44, वर्गमूळाची दुप्पट 13, फरक अवघा 4. म्हणजे ‘दर पाहा’ या ओळीने जास्त क्लिक आणले एवढंच सिद्ध झालं, विक्रीबद्दल या चाचणीतून काहीच ठरत नाही. विक्रीचा निकाल हवा असेल तर पहिल्या दिवसापासून ऑर्डरच मोजाव्यात, आणि त्या क्लिकपेक्षा फार कमी असल्याने चाचणी कितीतरी जास्त लोकांपर्यंत न्यावी.