लॅपटॉपची सुटी वायर : पन्नास वर्षांतला प्रवास आणि हरवलेल्या वायरची नेमकी जागा

लॅपटॉपच्या चार्जिंगच्या साखळीत तीन तुकडे असतात: भिंतीतल्या सॉकेटपासून ॲडॅप्टरपर्यंत येणारी सुटी वायर, मधला ॲडॅप्टर आणि तिथून लॅपटॉपपर्यंत जाणारी बारीक वायर. यांतला पहिला तुकडा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त हरवणारा. तो सुटा का ठेवला याचे कारण १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने काढलेल्या ३२० क्रमांकाच्या मानकात आहे. हेच मानक पुढे ६०३२० झाले. प्रत्येक देशाचे सॉकेट वेगळे, पण उपकरणाच्या बाजूचे तोंड सगळीकडे एकच, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे उपकरण एकाच प्रकारचे बनवायचे आणि देशानुसार फक्त वायर बदलायची, हे शक्य झाले.

या मानकात तोंडांना क्रमांक आहेत. वायरच्या टोकाला विषम क्रमांक मिळतो आणि ते ज्यात बसते त्या उपकरणावरच्या खाचेला त्यापुढचा सम क्रमांक. इंग्रजी आठच्या आकाराचे दोन छिद्रांचे टोक म्हणजे सी-७, ते सी-८ खाचेत बसते. तीन पाकळ्यांचे टोक सी-५, ते सी-६ मध्ये बसते. दोन्हींची मर्यादा अडीच अँपिअर आहे. डेस्कटॉप संगणकाला लागणारे जाड टोक सी-१३ असून ते दहा अँपिअरचे आहे.

महाराष्ट्रातल्या घरांत आठच्या आकाराची वायर लॅपटॉपच्या आधीच पोहोचली होती. टू-इन-वन आणि कॅसेट प्लेयर यांना ती असे. या उपकरणांचे बाहेरचे कवच प्लॅस्टिकचे आणि आतले विद्युतरोधन दुहेरी, त्यामुळे अर्थिंगची गरज नसे आणि दोन तारा पुरत. अशा उपकरणांवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. ती आजच्या दोन छिद्रांच्या ॲडॅप्टरवरही दिसते.

तीन पाकळ्यांच्या वायरने लॅपटॉपच्या जगात जम बसवला, कारण अनेक उत्पादकांनी ॲडॅप्टरला अर्थिंग देणे पसंत केले. वीजपुरवठ्यातला गोंगाट दाबण्यासाठी ॲडॅप्टरच्या आत फेज आणि अर्थ, तसेच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवतात. अर्थची तार जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत जातो. ती तुटलेली असेल तर तो अडकतो आणि लॅपटॉपचे धातूचे अंग फेज व न्यूट्रल यांच्या मधल्या दाबावर येते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर डिजिटल मीटर अशा अंगावर शंभर व्होल्टच्या आसपास दाखवू शकतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने जोराचा झटका बसत नाही, पण मनगटाला मुंग्या येतात आणि धातूवरून बोट फिरवताना कंप जाणवतो. असा कंप जाणवू लागला की पहिला संशय वायरवर आणि सॉकेटच्या अर्थिंगवर घ्यावा.

इथेच बदली वायर घेताना सर्वांत मोठी चूक होते. दुकानात एका टोकाला तीन पाकळ्या आणि दुसऱ्या टोकाला दोनच पिना, अशी वायरही मिळते. ती बसते, चार्जिंगही होते, म्हणून ती बरोबर वाटते. प्रत्यक्षात तिसरी पाकळी कशालाच जोडलेली नसते. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून तो दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसवला तरी परिणाम तोच. तीन पाकळ्यांच्या ॲडॅप्टरला तीन पिनांचा प्लग आणि प्रत्यक्ष अर्थिंग असलेले सॉकेट हवे, यात तडजोड करू नये.

वायरही गरम होऊन जळू शकते, हे २०१४ मध्ये ठळकपणे दिसले. एचपीने लॅपटॉपबरोबर दिलेल्या सुमारे ६० लाख वायरी परत मागवल्या. त्यांच्या ॲडॅप्टरकडच्या टोकावर ‘एलएस-१५’ अशी खूण होती आणि टोके तापून वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस प्रोच्या काही वायरी परत बोलावल्या. घट्ट गुंडाळल्याने, पिळल्याने किंवा चिमटल्याने त्या कालांतराने खराब होऊन तापत होत्या. या घटनांमुळे वायर तपासण्याची जागा स्पष्ट होते: टोकाजवळचा वाकणारा भाग. तिथे आवरण कडक झाले, रंग बदलला, किंवा वायर हलवली की चार्जिंग जाऊन-येऊन होते, तर ती वायर टाकून द्यावी, टेप लावून चालवू नये.

एक उदाहरण घेतले तर निवड सोपी होते. अमेरिकेतून सुट्टीला पुण्यात आलेल्या एका लॅपटॉपची वायर हरवली आहे. ॲडॅप्टरवर लिहिले आहे: इनपुट १००–२४० व्होल्ट, १.७ अँपिअर, आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. म्हणजे हा सुमारे ६५ वॉटचा ॲडॅप्टर असून भारतातल्या २३० व्होल्टवरही चालतो. १.७ अँपिअर हा आकडा १०० व्होल्टसाठीचा, सर्वांत जास्तीचा आहे. २३० व्होल्टवर प्रवाह त्याच्या निम्म्याहून कमी असतो. दोन्ही वेळा तो अडीच अँपिअरच्या आत राहतो, त्यामुळे वॉटवरून वायर शोधण्याची गरज नाही. पाहायची ती खाच. ती तीन पाकळ्यांची निघाली, म्हणून हवी आहे सी-५ टोकाची, सहा अँपिअरच्या भारतीय तीन पिनांच्या प्लगची वायर. जुनी अमेरिकन वायर सापडली तरी प्लग बदलणारे कन्व्हर्टर लावून ती वापरू नये: ती १२५ व्होल्टसाठी बनवलेली असू शकते आणि पुष्कळ कन्व्हर्टरमध्ये अर्थिंग पुढे जातच नाही.

दुकानात वायरच्या अंगावरचा छापील मजकूर वाचावा. ‘३ × ०.७५’ म्हणजे प्रत्येकी ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा. दोन छिद्रांच्या वायरवर ‘२ × ०.७५’ असते. प्लगवर आयएसआयची खूण आणि ‘आयएस १२९३’ दिसावे. ज्या वायरीवर काहीच छापलेले नाही, ती घेऊ नये. घरी आणल्यावर, कुठेही न जोडता, मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरे एकट्या पडलेल्या पाकळीच्या छिद्राला लावावे. बाकीच्या दोन पाकळ्या शेजारी शेजारी असतात. बझर वाजला पाहिजे. उरलेल्या दोन पिनांपैकी प्रत्येक एकाच छिद्राशी जुळावी आणि आपसांत मात्र कोणाचीही जोडणी नसावी.

आठच्या आकाराच्या वायरीत धोका वेगळा आहे. तिची एक बाजू चपटी आणि दुसरी गोल असेल, तर ती गोल खाचेत बसत नाही. जोर लावून खाच फोडू नये. भारतात तिच्याबरोबर येणाऱ्या युरोपीय चार मिलिमीटरच्या बारीक पिना आपल्या रुंद सॉकेटमध्ये सैल राहतात, ठिणग्या उडतात आणि प्लग काळा पडतो. त्यापेक्षा भारतीय जाड पिनांची वायर शोधावी.

मोठ्या गेमिंग लॅपटॉपांच्या २३० वॉटच्या ॲडॅप्टरला बहुधा सी-१४ खाच असते आणि त्याला डेस्कटॉपचीच वायर चालते. यूएसबी-सी आल्यामुळे लॅपटॉपकडचे टोक एकसारखे झाले आहे, पण सुटी वायर असलेल्या अनेक यूएसबी-सी ॲडॅप्टरांच्या मागे आजही तीच आठची किंवा तीन पाकळ्यांची खाच आहे. हरवलेल्या वायरीची निवड तिथे याच पद्धतीने करावी लागते.