हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम: एकाच बंधाचे दोन वर्णपट

हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूतला हायड्रोजन काढून तिथे ड्यूटेरियम बसवला, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या तीच, केंद्रकावरचा विद्युतभार तोच, दोन अणूंना बांधून ठेवणारा बंधही तोच. ड्यूटेरियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असतो, त्यामुळे त्याचे वस्तुमान हायड्रोजनच्या जवळजवळ दुप्पट भरते, एवढाच काय तो फरक. पण अवरक्त वर्णपटात हा फरक लपत नाही. हायड्रोजन क्लोराइड प्रति सेंटिमीटर २८८६ या तरंगसंख्येच्या आसपास प्रकाश शोषतो, तर ड्यूटेरियम क्लोराइडचा पट्टा थेट २०९१ वर सरकतो. शिवाय त्या पट्ट्यातल्या बारीक रेषा एकमेकींच्या निम्म्या अंतरावर येतात.

दोन अणूंचा रेणू म्हणजे स्प्रिंगच्या दोन टोकांना अडकवलेली दोन वजने, असे मानून गणिताची सुरुवात करता येते. स्प्रिंगचा ताठपणा म्हणजे बल स्थिरांक k. कंपनात दोन्ही वजने हलतात, पण सारखी हलत नाहीत. क्लोरीन हायड्रोजनच्या सुमारे ३५ पट जड असल्यामुळे तो जेमतेम हलतो आणि बहुतेक धावपळ हायड्रोजन करतो. दोघांची हालचाल मिळून एकाच कणाची आहे असे मानण्यासाठी जे वस्तुमान वापरावे लागते, त्याला लघुकृत वस्तुमान म्हणतात:

μ = m₁m₂ / (m₁ + m₂)

कंपनाची वारंवारता या वस्तुमानावर आणि स्प्रिंगच्या ताठपणावर ठरते:

ν = (1/2π) √(k/μ)

समस्थानिक बदलला तरी k बदलत नाही, हे या सगळ्या विवेचनाचे मूळ गृहीतक आहे. त्याला भक्कम कारण आहे. बंधाचा ताठपणा इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि केंद्रके इलेक्ट्रॉनांपेक्षा हजारो पटींनी जड असल्याने ती इतकी संथ हलतात की इलेक्ट्रॉनांना ती जणू स्थिर भासतात. माक्स बॉर्न आणि रॉबर्ट ओपनहायमर यांनी १९२७ मध्ये मांडलेले हे अंदाजी तत्त्व रेणूंच्या अभ्यासाचा पाया मानले जाते. ते धरून चालले, तर दोन रेणूंच्या वारंवारतांचे गुणोत्तर काढताना k छेदला जातो आणि हाती फक्त वस्तुमाने उरतात.

इथे एक चूक सर्रास होते. ड्यूटेरियम दुप्पट जड आहे, म्हणून वारंवारता २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ पटींनी कमी होईल, असे धरले जाते. या हिशोबाने ड्यूटेरियम क्लोराइडचा पट्टा २०४१ ला पडायला हवा. प्रत्यक्षात तो ५० एककांनी वर आहे. अवरक्त वर्णपटमापकाच्या दृष्टीने ही चूक प्रचंड आहे.

चुकीचा पहिला भाग लघुकृत वस्तुमानात आहे. क्लोरीन-३५ सोबत हायड्रोजनचे लघुकृत वस्तुमान ०.९७९६ अणुवस्तुमान एकक येते आणि ड्यूटेरियमचे १.९०४४. क्लोरीनही थोडा हलत असल्यामुळे हे गुणोत्तर २ न येता १.९४४ येते. त्याचे वर्गमूळ १.३९४. २८८६ ला १.३९४ ने भागले की उत्तर २०७० मिळते. मोजलेल्या २०९१ शी हेही जुळत नाही. अजून २१ एककांची तफावत राहते.

ही उरलेली तफावत स्प्रिंगच्या कल्पनेतली उणीव दाखवते. खरा बंध आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही. तो दाबायला फार कठीण असतो, पण ताणत नेला तर सैल होत जातो आणि शेवटी तुटतो. त्यामुळे कंपनाच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर नसतात, वर जावे तशा त्या एकमेकींजवळ येतात. २८८६ हा आकडा पहिल्या दोन पातळ्यांमधल्या अंतराचा आहे आणि त्यात हे आखडणे आधीच मिसळलेले आहे. निव्वळ संनादी वारंवारता ω असेल आणि आखडण्याचे माप x असेल, तर पहिली उडी ω − 2x इतकी आणि दोन पायऱ्यांची उडी 2ω − 6x इतकी असते. हायड्रोजन क्लोराइडची दोन पायऱ्यांची उडी ५६६८ ला दिसते. या दोन आकड्यांवरून x सुमारे ५२ आणि ω सुमारे २९९० निघतो.

आता ड्यूटेरियमकडे वळता येते. ω हा लघुकृत वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, पण x थेट लघुकृत वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. जड अणू बंधाच्या तळाशी राहून लहान झोके घेतो, म्हणून बंधाच्या सैल भागाशी त्याचा संबंध कमी येतो. २९९० ला ०.७१७२ ने गुणले की २१४४.४ येतात, ५२ ला ०.५१४४ ने गुणले की २६.७५. पहिली उडी झाली २१४४.४ − ५३.५, म्हणजे २०९०.९. मोजलेला आकडा २०९१.१ आहे. ड्यूटेरियम क्लोराइडचा वायू न बनवता, केवळ हायड्रोजन क्लोराइडचे दोन पट्टे आणि अणूंची वस्तुमाने एवढ्या भांडवलावर हे उत्तर मिळते.

घूर्णनाचा हिशोब याहून सोपा आहे. रेणू स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याच्या ऊर्जापातळ्यांमधली अंतरे घूर्णन स्थिरांकाने ठरतात:

B = h / (8π²cμr²)

यात r म्हणजे बंधाची लांबी. इथे वर्गमूळ नाही. Μ जितक्या पटींनी वाढेल तितक्याच पटींनी B घटतो. कंपन नसलेल्या कल्पित संतुलन अवस्थेसाठी हायड्रोजन क्लोराइडचा B १०.५९३ आहे. त्याला १.९४४ ने भागले की ५.४४९ मिळतात, आणि ड्यूटेरियम क्लोराइडच्या वर्णपटातून निघणारे मूल्यही तेच आहे. याचा अर्थ दोन्ही रेणूंमध्ये संतुलन बंधलांबी एकच आहे: १.२७४६ अँगस्ट्रॉम.

प्रत्येक कंपनपट्ट्याच्या आत घूर्णनाच्या रेषा उभ्या असतात आणि शेजारच्या दोन रेषांतले अंतर साधारण 2B असते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये ते २१ च्या आसपास, ड्यूटेरियम क्लोराइडमध्ये ११ च्या आसपास. पट्ट्याच्या मधोमध एक रेष गायब असते. त्या फटीच्या दोन काठांवरच्या रेषा पहिल्या रेणूत २८६५.१ आणि २९०६.२ ला, तर दुसऱ्या रेणूत २०८०.३ आणि २१०१.६ ला येतात. फट ४१ वरून २१ वर आलेली नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मात्र हाताशी फक्त सर्वांत खालच्या कंपनपातळीतला B असेल, तर तो थेट वापरून चालत नाही. त्या पातळीतही रेणू स्वस्थ नसतो. क्वांटम यांत्रिकी त्याला किमान अर्ध्या क्वांटमएवढे कंपन करायला लावते, आणि बंध ताणाच्या बाजूला सैल असल्यामुळे या कंपनात सरासरी लांबी थोडी वाढते. या पातळीच्या B वरून लांबी काढली तर हायड्रोजन क्लोराइडसाठी १.२८४ आणि ड्यूटेरियम क्लोराइडसाठी १.२८१ अँगस्ट्रॉम येते. म्हणून ड्यूटेरियमचा बंध आखूड असतो असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. बंध तोच असतो. हायड्रोजन त्यात जास्त झोके घेतो, म्हणून त्याची सरासरी लांब भरते.

प्रयोगशाळेत ड्यूटेरियम क्लोराइड बनवण्याची एक रूढ पद्धत म्हणजे जड पाण्याची बेंझॉइल क्लोराइडशी अभिक्रिया करणे. यातला खरा त्रास काचेच्या भिंतींचा असतो. काचेवर साध्या पाण्याचा अदृश्य थर चिकटलेला असतो, आणि वायूतला ड्यूटेरियम त्यातल्या हायड्रोजनशी झटपट अदलाबदल करतो. असे झाल्याचे वर्णपटावरून लगेच कळते, कारण २८८६ भोवती हायड्रोजन क्लोराइडचा पट्टा डोके वर काढतो. त्यावर उपाय म्हणजे उपकरण आधी जड पाण्याच्या वाफेने धुऊन घेणे.

दुसरा घोटाळा क्लोरीनचा. नैसर्गिक क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे अणू सुमारे तीनास एक प्रमाणात असतात, म्हणून प्रत्येक रेष जोडीने येते. जोडीतली मोठी रेष क्लोरीन-३५ ची असते आणि कमी तरंगसंख्येची लहान रेष क्लोरीन-३७ ची. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोघींत सुमारे २ एककांचे अंतर असते, ड्यूटेरियम क्लोराइडमध्ये ३ चे. जोडीदार जड झाला की क्लोरीनच्या वाट्याला जास्त हालचाल येते आणि त्याचे वस्तुमान लघुकृत वस्तुमानात अधिक उमटते. उपकरणाची विभेदनक्षमता कमी पडून या जोड्या एकमेकींत मिसळल्या, तर मोजलेली रेष सुमारे अर्ध्या एककाने खाली सरकते. मग समस्थानिकांच्या गुणोत्तराचा शेवटचा अंक भरवशाचा राहत नाही.

या जोडरेषांचा इतिहास ड्यूटेरियमहून जुना आहे. एल्मर आइम्स यांनी मिशिगन विद्यापीठात केलेल्या आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्या दिसल्या होत्या. त्या क्लोरीनच्या समस्थानिकांमुळे असाव्यात, हे पुढच्याच वर्षी लूमिस आणि क्राट्झर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले. हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ च्या अखेरीस ड्यूटेरियम शोधल्यावर हार्डी, बार्कर आणि डेनिसन यांनी १९३२ मध्ये ड्यूटेरियम क्लोराइडचा अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केला.

k बदलत नाही हे गृहीतकही शेवटच्या अंकापर्यंत टिकत नाही. ω ची नेमकी मूल्ये घेतली, तर वस्तुमानांवरून ड्यूटेरियम क्लोराइडसाठी २१४५.११ येतात आणि वर्णपटातून २१४५.१६ निघतात. घूर्णन स्थिरांकातही चौथ्या दशांश स्थळी असाच किंचित फरक दिसतो. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या हालचालीला क्षणात जुळवून घेतात असे आपण मानतो, पण ते जुळवणे शंभर टक्के नसते. केंद्रके जितकी हलकी तितकी ही कसर मोठी, म्हणून हायड्रोजनच्या रेणूत, H₂ आणि D₂ यांच्या तुलनेत, ती कितीतरी जास्त भरते.

अर्ध्या क्वांटमच्या त्या किमान कंपनाचा एक परिणाम वर्णपटाबाहेरही मोजता येतो. हायड्रोजन क्लोराइडची किमान कंपनऊर्जा प्रति सेंटिमीटर सुमारे १४८२ असते, ड्यूटेरियम क्लोराइडची सुमारे १०६६. बंध तुटण्याची वरची मर्यादा दोघांची एकच आहे, पण ड्यूटेरियम तळाच्या जवळून सुरुवात करतो. त्यामुळे त्याचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ५ किलोज्यूल ऊर्जा जास्त लागते.