सामंजस्य करारातले कोणते कलम खरेच बांधते?

कॉलेज आणि कंपनीत सामंजस्य करार झाला की इंटर्नशिपची बातमी होते. पण कागदावर ‘संधी देण्याचा प्रयत्न करू’ एवढेच असेल, तर तो निव्वळ इरादा. किती विद्यार्थी, कधी, किती मानधन हे ठरलेले नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २९ आडवे येते; अर्थ निश्चित करता येत नाही असा करार रद्दबातल असतो. त्याच कागदातली गोपनीयतेची आणि संशोधनाच्या मालकीची कलमे मात्र बहुधा बंधनकारक ठेवलेली असतात. ‘अमुक कलमे वगळता हा करार बंधनकारक नाही’ ही ओळ सहसा शेवटच्या पानावर सापडते. परिणामी, प्रोजेक्टचा डेटा बाहेर गेला तर कॉलेज अडकते; इंटर्नशिप दिली नाही तरी कंपनी सुटते.